व्याजाने वाचलेला कर आणि दोन डाळ मिलांची किंमत

शेत निम्म्या बटईने दिलं काय किंवा तिसऱ्या हिश्शाने, खळ्यावरची तुरीची रास तेवढीच राहते. वाटे बदलतात, रास वाढत नाही. 1958 साली मोदिग्लियानी आणि मिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी कंपनीबद्दल हेच म्हटलं: कर नसेल आणि बाजार सुरळीत असेल, तर भांडवल मालकाचं किती आणि कर्जाचं किती यावरून कंपनीची किंमत ठरत नाही. 1963 मध्ये त्याच दोघांनी आपल्या कराच्या हिशेबाची दुरुस्ती छापली. खळ्यावर सरकार हा तिसरा वाटेकरी असतो आणि तो आपला वाटा बँकेचं व्याज वजा झाल्यावर मोजतो.

लातूरच्या एमआयडीसीत दोन डाळ मिल आहेत असं समजू. दोन्ही प्रायव्हेट लिमिटेड, यंत्रं सारखी, आणि व्याज व कर देण्याआधीचा नफा दरवर्षी 1 कोटी. कराचा दर 25 टक्के धरू. सवलती सोडून कमी दर स्वीकारणाऱ्या कंपनीला आज अधिभार आणि उपकरासह 25.17 टक्के पडतो, म्हणजे आपण फार लांब नाही.

पहिल्या मिलवर कर्ज नाही. ती 25 लाख कर भरते, मालकांकडे 75 लाख उरतात. अशा धंद्याकडून मालकांना 15 टक्के परतावा हवा असेल, तर मिलची किंमत 75 भागिले 0.15, म्हणजे 5 कोटी.

दुसऱ्या मिलवर 10 टक्के व्याजाचं 2 कोटी कर्ज आहे. व्याज 20 लाख, म्हणून कर 80 लाखांवर, तो झाला 20 लाख. मालकांना उरले 60 लाख. इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, मालकाचे तर 15 लाख गेले! पण बँकेचे 20 लाखही याच मिलमधून निघाले. मालक आणि बँक मिळून 80 लाख झाले, पहिल्या मिलपेक्षा 5 लाख जास्त. हे 5 लाख सरकारच्या वाट्यातून आले. यालाच टॅक्स शील्ड म्हणतात, कराची ढाल.

ही ढाल कायमची टिकली, तर दरवर्षीच्या 5 लाखांची आजची किंमत 5 भागिले 0.10, म्हणजे 50 लाख होते. ढालीला कर्जाचाच दर लावला, कारण ती कर्जाइतकीच खात्रीची मानली आहे. व्याजाचा दर इथे वर आणि खाली दोन्हीकडे येतो आणि कटतो, म्हणून सूत्र सोपं उरतं:

V_L = V_U + T × D

V_L ही कर्जावरच्या मिलची किंमत, V_U बिनकर्जाच्या मिलची, T कराचा दर आणि D कर्ज. म्हणजे 5 कोटी अधिक 2 कोटींचे 25 टक्के, एकूण साडेपाच कोटी. त्यातले 2 कोटी बँकेचे, साडेतीन कोटी मालकांचे. साडेतीन कोटींवर 60 लाख म्हणजे सुमारे 17.1 टक्के. परतावा वाढला तो फुकट नाही. बँकेचं आधी भागवून उरेल ते घ्यायचं, ही जोखीम मालकाने उचलली आहे.

आता माझी खरी तक्रार. कर वाचतो म्हणून कर्ज घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो, आणि त्यात ‘कायमची’ हा शब्द गुपचूप गळतो. हेच 2 कोटी यंत्रांसाठीचं मुदत कर्ज असेल आणि पाच वर्षांत समान हप्त्यांत मुद्दल फेडायचं असेल, तर व्याज 20, 16, 12, 8, 4 लाख असं उतरत जातं. कर वाचतो 5, 4, 3, 2, 1 लाख. त्यांची आजची किंमत सुमारे 12 लाख. पन्नास नव्हे, बारा! दरवर्षी नूतनीकरण होणारं कॅश क्रेडिट कायमच्या कर्जाच्या जास्त जवळ जातं. पण तेही तुरीची आवक सुरू झाली की भरतं आणि डाळ विकली की रिकामं होतं. तिथे मंजूर मर्यादा धरून चालत नाही, वर्षभरात सरासरी किती रक्कम उचललेली होती ते पाहावं लागतं.

शिवाय ढाल चालायला आधी नफा हवा. तूर महाग घेतली, पुढे डाळीचा भाव पडला आणि नफा 12 लाखांवर आला, तर 20 लाखांपैकी 12 लाख व्याजच कर वाचवतं. म्हणजे 5 लाखांऐवजी 3 लाख. उरलेला 8 लाखांचा तोटा, विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर, आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो. मात्र उशिरा वाचलेल्या रुपयाची किंमत कमीच.

त्याहून बोचरा नियम न भरलेल्या व्याजाचा. बँकेचं व्याज नुसतं खात्यात नावे टाकून वजावट मिळत नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते प्रत्यक्ष भरलेलं असावं लागतं. थकलेलं व्याज बँकेने नव्या कर्जात वळवलं, तरी ते भरलं असं धरत नाहीत. टॅक्स ऑडिटच्या अहवालात ही रक्कम वेगळी दाखवलेली असते. कर्जावरची मिल विकत घ्यायला निघालेल्याने ताळेबंदातल्या कर्जाला 25 टक्क्यांनी गुणण्याआधी तेवढी ओळ शोधावी.