गोळी स्नायूंची, मग झोप का येते? आणि बॅक्लोफेन एकदम का सोडायची नाही

मान धरली म्हणून डॉक्टरांनी टिझानिडीन लिहून दिली आणि दुपारी ऑफिसात डोळे उघडेनात, असं झालं की बरेच जण म्हणतात की गुपचूप झोपेची गोळी दिली. तसं काही नसतं हो. घोळ नावाचा आहे. मसल रिलॅक्संट म्हटलं की वाटतं गोळी थेट आखडलेल्या स्नायूत जाऊन त्याला सैल करते, पण टिझानिडीन काय नि बॅक्लोफेन काय, दोन्ही स्नायूला हातच लावत नाहीत, त्याला हुकूम सोडणाऱ्या मज्जारज्जूवर आणि मेंदूवर काम करतात. टिझानिडीन तिथे नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन कमी सुटू देते, आणि मेंदूला जागं ठेवणारंही तेच रसायन, म्हणून स्नायू सैल होतो तशी झोपही येते, बीपी उतरतो, पटकन उठलं की गरगरतं. यावर सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी कधीच घ्यायची नाही, ती लिव्हरमध्ये टिझानिडीन मोडूच देत नाही आणि रक्तात तिचं प्रमाण दहापट होऊ शकतं.

पण मला खरं सांगायचंय ते बॅक्लोफेनबद्दल.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो ना, ते सर्किट मज्जारज्जूतच असतं. स्नायू ताणला गेला की नसेतून खबर येते, नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं, त्याने ग्लुटामेट नावाचं उत्तेजित करणारं रसायन सुटतं आणि पुढची पेशी स्नायूला 'आखड' म्हणून सांगते. एरवी मेंदू वरून या सर्किटला दाबून ठेवतो. अपघातात मणक्याला मार बसला किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार झाला की तो दाब जातो, मग चादर सरकली तरी पाय ताठ होऊन थरथरतात. शरीराचा स्वतःचा ब्रेक म्हणजे गाबा, पण गाबा गोळीतून दिला तर रक्तातून मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. १९६२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा या औषध कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी गाबाला क्लोरीनवालं एक कडं जोडलं आणि बॅक्लोफेन तयार झालं. हेतू होता फिट्सच्या औषधाचा, तिथे फारसं जमलं नाही, पण आखडलेल्या रुग्णांचे पाय सैल पडले. ते नेमकं कुठे बसतं ते कळायला १९८० च्या आसपासची वर्षं उजाडली, तेव्हा नॉर्मन बावरी या संशोधकांनी गाबा-बी रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची गाबा बसण्याची एक जागा, दाखवून दिला. बॅक्लोफेन तिथे बसलं की नसेच्या टोकात कॅल्शियम कमी शिरतं, म्हणून ग्लुटामेट कमी सुटतं, आणि पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून ती पेशी शांत होते. हेच रिसेप्टर मेंदूभरही आहेत, म्हणून गुंगी.

आता हा बाहेरचा ब्रेक महिनोन् महिने दाबलेला राहिला की पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, रिसेप्टर मंदावतात. समजा मणक्याला मार बसलेला एक माणूस दोन वर्षं रोज २० मिलिग्रॅम तीनदा घेतोय. गावी लग्नाला गेला, गोळ्या संपल्या, तिथल्या मेडिकलात नाहीत. बॅक्लोफेन साधारण चार तासांत रक्तात निम्मं होतं, म्हणजे चोवीस तासांत सहा वेळा निम्मं, चौसष्टावा भागच उरतो. बाहेरचा ब्रेक गेला, स्वतःचा मंदावलेला, आणि उत्तेजना मोकाट. दोन-तीन दिवसांत पाय पूर्वीपेक्षा जास्त आखडतात, झोप उडते, घाम येतो, पुरळ नसताना खाज सुटते, मग नसलेली माणसं दिसायला लागतात, फिट येऊ शकते, ताप चढतो. जास्त बिघडलं तर सतत आखडून स्नायू फुटतात, त्यातला मळ किडनीत अडकतो, जीवही जाऊ शकतो. पोटात पंप बसवून थेट मज्जारज्जूभोवती औषध सोडलेल्यांत पंप बंद पडला तर हे जास्त भयंकर होतं. अशा वेळी माणूस बडबडायला लागला म्हणून बाधा झाली, उतारा टाका, असं करत रात्र घालवू नका. दवाखान्यात न्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा की बॅक्लोफेन चालू होती, अमक्या दिवशी बंद पडली. तिथे जंतुसंसर्गाचा ताप समजण्याची चूक सहज होते, आणि इलाज मात्र बॅक्लोफेन परत सुरू करणं हाच असतो, जोडीला फिट्स थांबवणारी औषधं.

पाठदुखीसाठी चार-पाच दिवस छोटा डोस घेतलेल्यांनी घाबरू नये, हे सगळं आठवडे-महिने घेणाऱ्यांचं आहे. त्यांना सोडायचीच असेल तर डॉक्टर थोडा थोडा डोस उतरवतात, वरच्या माणसाला दर आठवड्याला ५-१० मिलिग्रॅम कमी, आखडणं वाढलं तर मागच्या डोसवर परत. अजून एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही, ऑपरेशनची. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, गोळ्या बंद, नंतर दोन दिवस तोंडाने काही नाही, आणि बॅक्लोफेनचं शिरेतून देण्याचं इंजेक्शन सहसा मिळतच नाही. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, नाकातल्या नळीतून गोळी विरघळवून देता येते.