कानाचं मशीन आणि ‘साउंड अँप्लिफायर’: हा घोळ आला कुठून?

ऑनलाइन हजार-दीड हजारात कानाचं मशीन म्हणून जे मिळतं ना, ते बऱ्याचदा नुसतं अँप्लिफायर असतं. मुळात ही वस्तू कमी ऐकू येणाऱ्यांसाठी नव्हतीच, आणि इथेच सगळी गंमत आहे.

अमेरिकेत १९७७ पासून नियम होता की हिअरिंग एड घ्यायचं तर आधी डॉक्टरची तपासणी, नाहीतर मोठ्या माणसाने ‘तपासणी नको’ असं लिहून सही द्यायची. मशीन महाग, म्हणून लोक स्वस्तातलं शोधायचे. २००९ मध्ये तिथल्या एफडीएने स्पष्ट केलं की अँप्लिफायर हे नीट ऐकू येणाऱ्यांसाठी, म्हणजे शिकारीला जाणारा, पक्षी बघणारा वगैरे, त्यामुळे त्याला मेडिकल डिव्हाइसचे नियम नाहीत. आता पक्षी बघायला कोण घेतं हो, घेतले ते आजी-आजोबांनीच! मग २०१७ मध्ये कायदा झाला आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळणारं खरं हिअरिंग एड आलं, पण फक्त १८ वर्षांवरच्या आणि ज्यांना थोडं किंवा मध्यम कमी ऐकू येतंय असं वाटतं त्यांच्यासाठी. आवाज किती मोठा करायचा यालाही मर्यादा घातली, साधारण १११ डेसिबल, आणि मोठे आवाज आपोआप दाबणारी सोय असेल तर ११७. अँप्लिफायर मात्र या नियमाच्या बाहेरच राहिला.

फरक काय पडतो? समजा सत्तरीतले एक काका आहेत, जाड आवाज त्यांना जवळजवळ नॉर्मल ऐकू येतात पण बारीक, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांना ६० डेसिबलची तूट, म्हणून ‘सात’ की ‘साठ’ कळत नाही. साधा अँप्लिफायर सगळंच वाढवतो, पंख्याची घरघर, भांडी, ट्रॅफिक, आणि सात-साठचा गोंधळ तसाच राहतो, वर डोकं दुखतं. ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढून सेट केलेलं मशीन बारीक आवाज जास्त उचलतं, जाड आवाजाला फार हात लावत नाही आणि मोठा आवाज आला की स्वतःच दाबतं.

लहान मुलांना आणि खूपच कमी ऐकू येणाऱ्यांना अँप्लिफायरवर ठेवूच नये. कानातून पू किंवा रक्त येतंय, कान दुखतोय, चक्कर येते, तर आधी ईएनटी. एका रात्रीत ऐकू येणं गेलं असेल तर त्याच दिवशी जा, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो, तेवढ्यात तर ऑनलाइन मागवलेल्या मशीनचं कुरिअरच येतं.

आणि एकाच कानात कमी ऐकू येणं किंवा एकाच कानात शिट्टी वाजणं, हे सगळ्यात फसवं. क्वचित ऐकण्याच्या नसेजवळ गाठ असते, ती एमआरआयमध्ये दिसते, पण अँप्लिफायर लावला की त्या कानाला बरं ऐकू येतंय असं वाटतं आणि तपासणी वर्ष-दोन वर्षं राहूनच जाते.