मोरीत पाणी अडतं कुठे?

आषाढातल्या जोरदार सरीनंतर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या कडेचा रस्ता पाण्याखाली गेला की गावातून मागणी येते, रस्त्याखालच्या मोरीत मोठा पाइप घाला. पण त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. पाणी पाइपात शिरताना अडतंय, की बाहेर पडताना?

पाइपाला पुरेसा उतार असेल आणि पलीकडचं पाणी खाली असेल, तर आत शिरलेलं पाणी वेगाने निघून जातं. पाइप पूर्ण भरतही नाही. अशा वेळी प्रवाह किती जाणार हे फक्त तोंडाचा आकार, त्याची कड आणि वरच्या बाजूला साचलेल्या पाण्याची उंची ठरवते. पाइपाची लांबी किंवा आतला खडबडीतपणा यांचा जवळपास काही संबंध उरत नाही. उलट, पलीकडचं पाणी चढून पाइप भरून वाहू लागला, की आतलं घर्षण आणि पलीकडची पातळी हिशेबात येते.

कुठली बाजू अडवते हे आधीच ओळखायची गरज नसते. दोन्ही गृहीतांनी वरच्या बाजूची पातळी काढायची आणि जी जास्त येईल ती खरी मानायची.

एक मोरी घेऊ: 1 मीटर व्यासाचा, 12 मीटर लांबीचा काँक्रीटचा ह्यूम पाइप, उतार शंभरात एक, तोंडाला सरळ भिंत आणि कड धारदार. सेकंदाला 2 घनमीटर पाणी जायचं आहे. पातळ्या त्या त्या टोकाच्या तळापासून मोजू. तोंडाच्या हिशेबाने वर सुमारे 1.51 मीटर पाणी साचेल. ओहोटीला, पलीकडचं पाणी खाली असताना, बाहेरच्या टोकाच्या हिशेबाने साधारण 1.36 येते. म्हणजे अडवतं ते तोंड.

आता भरती आली आणि पलीकडचं पाणी 1.6 मीटरवर गेलं. पाइपातून जाताना 0.58 मीटर उंची खर्च होते, उताराचे 0.12 वजा जातात. वरची पातळी होते 2.06 मीटर. भरतीचं पाणी सुमारे 1.05 मीटर ओलांडतं, म्हणजे पाइपाच्या माथ्याच्या जरा वर जातं, तेव्हाच ताबा तोंडाकडून बाहेरच्या टोकाकडे जातो. (रस्ता वरच्या बाजूच्या या 2.06 मीटर पातळीहून खाली असेल तर पाणी रस्त्यावरूनच जाईल आणि हा हिशेब बदलेल.)

मला यातला महत्त्वाचा आकडा 0.58 वाटतो. पाइप कितीही मोठा केला तरी वाचवता येईल ते जास्तीत जास्त एवढंच. बाकीचं भरतीचं पाणी आहे. तिथे मानस, म्हणजे भरतीचं पाणी आत येऊ न देणारं दार, नीट मिटतोय का, हे आधी पाहावं. तोंड अडवत असेल तर मात्र स्वस्त उपाय आहे: पाइप घालताना सॉकेटची, म्हणजे रुंद तोंडाची बाजू येणाऱ्या प्रवाहाकडे ठेवायची. याच प्रवाहाला वरची पातळी सुमारे 15 सेंटिमीटरने उतरते. भरतीत तोच बदल जेमतेम 10 सेंटिमीटर देतो.

जागेवर ओळखायचं तर पाऊस सारखाच पडत असताना वरच्या बाजूला खुणेची काठी रोवा. भरतीबरोबर तिथलं पाणी चढत असेल, तर अडथळा पलीकडच्या टोकाला आहे. भरती चढूनही काठीवरची पातळी हलत नसेल, तर तोंडाकडे जा आणि आधी तिथला पालापाचोळा काढा.