फिका पट्टा म्हणजे प्रथिन कमी?

"वेस्टर्न ब्लॉटवर योग्य उंचीला पट्टा दिसला की ते प्रथिन आहेच, आणि पट्टा फिका, म्हणजे प्रथिन कमी."

हा समज दोन्ही बाबतींत फसतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रत्येक नमुना जेलच्या आपापल्या लेनमध्ये भरून प्रथिनं वजनानुसार वेगळी करतात, मेम्ब्रेनवर उतरवतात आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने शोधतात. पी53 या प्रथिनाचं उदाहरण घ्या. अमिनो आम्लांवरून त्याचं वजन सुमारे 44 किलोडाल्टन भरतं, पण जेलवर ते 53 जवळ दिसतं, कारण त्यातल्या प्रोलीनबहुल भागामुळे ते हळू सरकतं. लॅडर म्हणजे माहीत वजनांच्या प्रथिनांचं मिश्रण; त्यावरून मिळतो तो फक्त अंदाज, ओळख नव्हे.

आता पट्टा फिका आहे. आधी त्याच मेम्ब्रेनवरचा अ‍ॅक्टिन पाहा, 42 जवळ; नमुना सगळीकडे सारखा भरलाय का, हे या प्रथिनावरून तपासतात. त्या लेनमध्ये तोही फिका असेल, तर बहुधा नमुनाच कमी भरला गेलाय. सगळीकडे सारखाच गडद असेल, तरी लगेच निर्धास्त होऊ नका. अ‍ॅक्टिन पेशीत इतका मुबलक असतो की सिग्नल संपृक्त होतो आणि दुपटीचा फरकही लपतो. एकाच नमुन्याचे 5, 10, 20 मायक्रोग्रॅम भरून बघा. अ‍ॅक्टिनचा पट्टा त्याच प्रमाणात गडद व्हायला हवा.

फिक्या पट्ट्याची खरी अडचण पुढेच आहे. तो दिसावा म्हणून एक्स्पोजर लांबवलं की अँटिबॉडी भलत्याच प्रथिनांना चिकटलेलीही उमटते. म्हणून शेजारच्या लेनमध्ये एच1299 पेशींचा नमुना चालवा. त्यांच्यात पी53 नसतंच. तिथेही त्याच उंचीला तेवढाच पट्टा आला, तर तुमचा पट्टा पी53चा मानता येत नाही.