कटऑफची सरासरी काढून का भागत नाही?

सापेक्ष ग्रेडिंगमध्ये कटऑफ आधी कुणी ठरवत नाही. वरच्या 10 टक्के मुलांना ‘अ’ ग्रेड द्यायची असेल, तर त्या 10 टक्क्यांत शेवटी बसलेल्या विद्यार्थ्याचे गुण म्हणजेच कटऑफ. पेपर अवघड निघाला की सगळेच खाली येतात आणि त्यांच्याबरोबर कटऑफही.

समजा, एका विषयाचे गेल्या पाच वर्षांचे कटऑफ 78, 71, 83, 69 आणि 77 आहेत. सरासरी येते 75.6. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 76 चं लक्ष्य ठेवतात. पण सरासरीइतके गुण मिळवले तर ग्रेड मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी. या आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पसरलेत त्याचं माप, साडेपाचच्या आसपास आहे. तेवढी भर घालून 82 धरले, तर पाचातल्या चार वेळा तरी आपण सुरक्षित राहू. अर्थात पाचच वर्षांच्या माहितीवर काढलेला हा अंदाज ढोबळच मानावा.

पण पेपर अवघड निघाला, तर हे 82 उगीचच जास्त ठरतात. म्हणून कटऑफच्या शेजारी त्या त्या वर्षीची वर्गाची सरासरीही लिहून पाहावी. समजा ती अनुक्रमे 58, 50, 64, 49 आणि 57 होती. आता वजाबाकी करा: 20, 21, 19, 20, 20. चौदा गुणांचा चढउतार दोन गुणांवर आला! वर्षागणिक हलत होती ती पेपरची काठिण्यपातळी. वरच्या मुलांचं बाकीच्यांपासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. मला तर या सगळ्या आकडेमोडीत हीच वजाबाकी सगळ्यात मोलाची वाटते. मग सराव परीक्षेत ‘मला 82 पडले का’ यापेक्षा ‘मी सरासरीच्या 20 गुण वर आहे का’ हे पाहणं जास्त उपयोगाचं. मात्र ती सराव परीक्षा साधारण त्याच दर्जाच्या मुलांनी दिलेली हवी. निवडक हुशार मुलांच्या गटातली सरासरी मुळातच वर असते, तिथे हे 20 लागू पडत नाहीत.

पेपर फारच सोपा निघाला की हे अंतर टिकत नाही. सरासरी 82 वर गेली तर कटऑफ काही 102 होणार नाही. सगळे गुण वरच्या टोकाला दाटतात, अंतर आक्रसतं आणि एका चुकीने ग्रेड जाते. अशा वर्षाचा आकडा बाकीच्यांत मिसळू नये. वर्ग लहान असेल तर आणखी सावध राहावं लागतं. 30 जणांत वरचे 10 टक्के म्हणजे तिघेच, आणि तिसऱ्या नंबरच्या एका विद्यार्थ्याचे गुण हाच कटऑफ. त्या वर्षी दोन अव्वल विद्यार्थ्यांनी दुसरा विषय घेतला, तर कटऑफ पाच-सहा गुणांनी सहज घसरतो, आणि जुन्या आकड्यांत त्याचा मागमूसही नसतो.