शाश्वत वाढदर

नवे शेअर न विकता आणि कर्जाचे स्वतःच्या भांडवलाशी, म्हणजे इक्विटीशी, असलेले प्रमाण न वाढवता एखादी कंपनी दरवर्षी जास्तीत जास्त ज्या वेगाने वाढू शकते, त्या वेगाला शाश्वत वाढदर म्हणतात. इक्विटीवरील परताव्याला (आरओई) राखून ठेवलेल्या नफ्याच्या प्रमाणाने गुणले की तो मिळतो:

शाश्वत वाढदर = आरओई × (१ − लाभांशाचे नफ्याशी प्रमाण)

रॉबर्ट हिगिन्स यांनी १९७७ मध्ये ही कल्पना कंपनीच्या वित्त-व्यवस्थापनाच्या अंगाने मांडली. आपल्याला किती वाढ परवडेल, हा त्यांचा प्रश्न होता. शेअरचे मूल्य काढणाऱ्याला मात्र हा दर वेगळ्या कामासाठी लागतो. लाभांश-वाढ प्रारूपात, म्हणजे मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात, शेअरचे मूल्य म्हणजे पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले (अपेक्षित परतावा वजा वाढदर). यातला वाढदर बहुधा वरच्या गुणाकारातून येतो. छेदात दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी असल्यामुळे वाढदरातली लहानशी चूकही मूल्यात मोठी होऊन उतरते.

एक कंपनी घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला तिची इक्विटी १,००० आहे, वर्षभरात नफा १५० झाला, त्यातले ६० लाभांश म्हणून वाटले आणि ९० व्यवसायातच ठेवले. आरओई १५ टक्के, राखून ठेवलेल्या नफ्याचे प्रमाण ६० टक्के, म्हणून वाढदर ९ टक्के. वर्षअखेरीस इक्विटी १,०९० होते. तिच्यावर पुन्हा १५ टक्के मिळाले तर पुढचा नफा १६३.५ आणि लाभांश ६५.४. इक्विटी, नफा आणि लाभांश हे तिन्ही ९ टक्क्यांनीच वाढले. भागधारकांचा अपेक्षित परतावा १२ टक्के धरला, तर वर्षाच्या सुरुवातीचे मूल्य ६० भागिले ०.०३, म्हणजे २,००० येते.

आता नेहमी होणारी गफलत पाहू. वार्षिक अहवाल उघडला की ताळेबंदात ठळकपणे दिसते ती वर्षअखेरची इक्विटी. १५० ला १,०९० ने भागले की आरओई १३.७६ टक्के येतो आणि वाढदर ८.२६ टक्के. फरक पाऊण टक्क्याचासुद्धा नाही, पण तो प्रारूपात घातला की मूल्य सुमारे १,६०३ वर येते. म्हणजे भाजक चुकीचा निवडल्याने जवळपास एक पंचमांश मूल्य नाहीसे झाले. वरचे साधे सूत्र सुरुवातीच्या इक्विटीवरच बरोबर चालते. हाताशी फक्त वर्षअखेरचा आरओई असेल, तर आलेल्या गुणाकाराला (१ − तोच गुणाकार) याने भागावे. ०.०८२६ भागिले ०.९१७४ केले की पुन्हा ९ टक्केच येतात. सुरुवातीच्या व अखेरच्या इक्विटीची सरासरी घेण्याचीही पद्धत आहे. तिच्यामुळे चूक कमी होते, पण जात नाही. पडताळणी सोपी आहे: नवे शेअर काढले नसतील आणि बायबॅक झाला नसेल, तर काढलेला वाढदर इक्विटीत प्रत्यक्ष झालेल्या वाढीशी जुळला पाहिजे.

दुसरी चूक जास्त खोल आहे. वाढदर वाढवायचा म्हणून राखीव नफ्याचे प्रमाण ६० वरून ७० टक्के करायचे, त्यातून १०.५ टक्के काढायचे आणि अंशात मात्र जुनाच ६० चा लाभांश ठेवायचा. मूल्य दुप्पट होऊन ४,००० दिसते. पण नफ्यातला प्रत्येक पैसा एकतर वाटला जातो किंवा राखला जातो, दोन्ही होत नाही. ७० टक्के राखले तर लाभांश ४५ उरतो आणि मूल्य ३,००० येते. राखीव प्रमाणाचा प्रत्येक बदल अंश आणि छेद दोन्हीकडे न्यावाच लागतो.

तरीही ३,००० हे २,००० पेक्षा जास्त आहेच. मग कंपनीने सगळाच नफा राखावा का? इथे हे प्रारूप सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगते. मूल्य वाढले ते आरओई अपेक्षित परताव्याहून जास्त असल्यामुळे. आरओई १२ टक्के, म्हणजे अपेक्षेइतकाच असेल तर ६० टक्के राखले तरी मूल्य १,००० आणि ३० टक्के राखले तरी १,०००. पहिल्यात वाढदर ७.२ टक्के, दुसऱ्यात ३.६, पण भागधारकाला फरक पडत नाही. आरओई १० टक्क्यांवर घसरला, तर ६० टक्के राखणाऱ्या कंपनीचे मूल्य सुमारे ६६७ आणि सगळा नफा वाटून टाकणारीचे ८३३. पहिली कंपनी वाढते आहे, पण प्रत्येक राखलेल्या रकमेबरोबर भागधारकाचे नुकसान करते आहे. केवळ वाढदर पाहून कंपनीला चांगले म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

यात लागणारा आरओई राखलेल्या नव्या पैशावर मिळणारा असतो, जुन्या गुंतवणुकीचा सरासरी नव्हे. अहवालातून मात्र सरासरीच हाती लागतो. तोही फुगलेला असू शकतो: मोठा बायबॅक झाला किंवा एखादी मालमत्ता निर्लेखित केली, की इक्विटी आकसते आणि धंद्यात काहीही न सुधारता आरओई चढतो. कर्ज वाढवूनही तो चढतो, पण त्याबरोबर भागधारकांची जोखीम आणि म्हणून अपेक्षित परतावाही वाढतो. वाढदर नवा आणि अपेक्षित परतावा जुना असे मिश्रण प्रारूपात घातले, तर आलेल्या मूल्याला अर्थ राहत नाही.

विक्री या दराहून वेगाने वाढली तर काय होते, तेही याच कंपनीवर दिसते. तिची एकूण मालमत्ता २,००० आणि कर्ज १,००० आहे असे धरू. विक्रीबरोबर मालमत्ताही १५ टक्के वाढवावी लागली, तर वर्षअखेरीस २,३०० लागतील. इक्विटी १,०९० असल्याने कर्ज १,२१० वर जाते. कर्ज-इक्विटी प्रमाण १ होते, ते १.११ झाले. वर्षानुवर्षे असे चढणारे प्रमाण म्हणजे विक्रीचा वेग शाश्वत दराच्या पुढे गेल्याची खूण. नफ्याचे मार्जिन किंवा मालमत्तेचा वापर सुधारला, तर शाश्वत दर स्वतःच वर सरकतो.

प्रारूप हा दर कायमचा धरते, आणि कोणतीही कंपनी अर्थव्यवस्थेहून वेगाने कायम वाढू शकत नाही. त्यामुळे ९ टक्के फार तर सुरुवातीच्या काही वर्षांसाठी वापरतात आणि पुढे कमी दर घेतात. तिथे तेच सूत्र उलटे चालवावे लागते: राखीव प्रमाण = वाढदर ÷ आरओई. स्थिर टप्प्यात इक्विटी १,०००, आरओई १२.५ टक्के आणि वाढदर ५ टक्के असेल, तर ४० टक्के राखणे पुरते. १२५ च्या नफ्यातून लाभांश ७५ आणि मूल्य सुमारे १,०७१. वाढदर कमी करून राखीव प्रमाण मात्र जुने ६० टक्केच ठेवले, तर लाभांश ५० धरला जातो आणि मूल्य ७१४ वर येते. उरलेले २५ वाढीला लागत नाहीत आणि भागधारकालाही मिळत नाहीत, ते हिशेबातून गळालेले असतात.