डिबेंचरची परतफेड: सिंकिंग फंडाचा हिशेब आणि लागणारी कागदपत्रं

डिबेंचर म्हणजे कंपनीने घेतलेल्या कर्जाचे रोखे. त्यांची मुदत संपली की पैसे सहसा एकरकमी द्यावे लागतात. त्यासाठी कंपनी दरवर्षी नफ्यातून ठरावीक हप्ता सिंकिंग फंडात वळवते. पण फंड ही ताळेबंदाच्या देणी बाजूची नुसती नोंद असते. खरे पैसे असतात ते त्याच रकमेच्या, मालमत्ता बाजूला दिसणाऱ्या गुंतवणुकीत. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर पैसा धंद्यात फिरतोय असं समजायचं.

समजा, शेअर बाजारात नोंद नसलेल्या एका कंपनीने १ एप्रिल २०२१ रोजी १० लाखांची डिबेंचर काढली, मुदत पाच वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत. गुंतवणुकीवर कर जाऊन ५ टक्के सुटतात असं धरलं, तर वार्षिक हप्ता १,८०,९७५ रुपये येतो. पहिल्या वर्षअखेरीस तेवढेच गुंतवायचे. दुसऱ्या वर्षी ९,०४९ रुपये व्याज येतं, ते हप्त्यात मिळवून १,९०,०२४ गुंतवायचे. असं करत चौथ्या वर्षअखेरीस गुंतवणूक ७,८०,०२५ होते. पाचव्या वर्षीचा हप्ता आणि व्याज मात्र गुंतवायचं नाही, बँकेतच ठेवायचं, कारण लगेच वाटप आहे. गुंतवणुकीतले रोखे विकताना ६,००० रुपये तोटा झाला, तर तो फंडातून वजा होतो आणि तेवढी रोकड दुसरीकडून उभी करावी लागते.

आता कायदा. कंपनी कायद्याच्या नियमांतल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा, बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला फेडायच्या बाकी असलेल्या डिबेंचरच्या १० टक्के राखीव निधी ठेवावा लागतो, तोही लाभांशासाठी उपलब्ध असलेल्या नफ्यातून. शिवाय त्या आर्थिक वर्षात जेवढी डिबेंचर फेडायची, त्यांच्या १५ टक्के रक्कम ३० एप्रिलपर्यंत अनुसूचित बँकेतल्या ठेवीत किंवा सरकारी रोख्यांत असली पाहिजे. आपल्या उदाहरणात ३० एप्रिल २०२५ पर्यंत दीड लाख. फंडाची गुंतवणूक नीट केलेली आणि याच प्रकारांत असेल, तर ही अट आपोआप भागते. अडतं ते एकाच ठिकाणी: ठेव ओव्हरड्राफ्टला तारण असेल, तर ती यात धरता येत नाही. म्हणून ठेवपावतीवर बँकेचा बोजा नाही ना, हे आधी बघा.

पैसे मिळतात ते ठरलेल्या तारखेला डिबेंचरधारकांच्या नोंदवहीत नाव असलेल्याला. कागदी प्रमाणपत्र असेल, तर ते मूळ स्वरूपात परत करावं लागतं, सोबत पॅनची प्रत आणि रद्द केलेला चेक. डीमॅटमध्ये असेल, तर प्रमाणपत्राचा प्रश्न नाही, खात्याला जोडलेला बँक तपशील तेवढा अद्ययावत हवा. धारक हयात नसेल, तर नामनिर्देशित व्यक्तीने मृत्यूचा दाखला जोडायचा.

वाटप झाल्यावर फंडातली शिल्लक सर्वसाधारण राखीव निधीत जाते. डिबेंचर तारणी असतील, तर बोजा फिटल्याचा फॉर्म CHG-4 कंपनी निबंधकाकडे तीस दिवसांत भरायचा. हा फॉर्म बऱ्याच जणांकडून राहून जातो आणि पुढचं कर्ज मागायला गेल्यावर फेडलेला बोजा नोंदीत तसाच उभा दिसतो.